आधी यादी, मग शुभेच्छा

२०२५ सालची दिवाळी देशभर एकाच दिवशी नव्हती. तमिळनाडू, बंगाल आणि उत्तरेतल्या बऱ्याच भागात ती २० ऑक्टोबरला झाली, तर महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ला होतं. मुंबई शेअर बाजारातला मुहूर्ताचा सौदाही २१ला झाला, आणि नेहमीसारखा संध्याकाळी न होता दुपारी पावणेदोनला सुरू झाला. २२ला पाडवा होता, तोच गुजराती व्यापाऱ्यांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. त्याआधीच्या वर्षी, २०२४मध्येही हाच घोळ होता. तेव्हा कुणाची दिवाळी ३१ ऑक्टोबरला होती, तर कुणाची १ नोव्हेंबरला. साहजिकच २१ ऑक्टोबरला सकाळी ‘आजच्या दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ असा संदेश पुण्याहून कोइमतूरला गेला, तेव्हा तिथल्या माणसाची दिवाळी आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

तारखेची चूक कुणी मनावर घेत नाही. पण त्या माणसाला तेवढ्यात एक गोष्ट कळते. हा संदेश आपल्यासाठी लिहिलेला नाही, एका गठ्ठ्यात आपलाही नंबर होता इतकंच. धंद्यातल्या सणाच्या शुभेच्छांची सगळी गोम इथेच आहे. मजकूर कसा लिहावा, चित्र कोणतं टाकावं, ‘हॅपी दिवाली’ म्हणावं की ‘दीपावलीच्या मंगलमय शुभेच्छा’, यावर कार्यालयांत तासभर चर्चा होते. ज्यांना पाठवायचं ती माणसं कोण, हे मात्र कुणी पाच मिनिटंही बघत नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारा एखादा मध्यम कारखाना उदाहरण म्हणून घेऊ. त्याच्या यादीत दीडदोनशे नावं सहज असतात. कोल्हापूर, नाशिक आणि नागपूरचे डीलर असतात. ओतकाम पुरवणाऱ्या फाउंड्रीवाल्यांतला एक राजकोटचा, एक कोइमतूरचा असतो. लुधियानातला एक आणि हावड्यातला एक ग्राहक असतो. पाणीपुरवठा खात्यातले अभियंते असतात. जर्मनीतल्या कंपनीचा खरेदी अधिकारी, तंत्रज्ञान देणारी जपानी कंपनी आणि दुबईतला वितरक असतो. शिवाय बँकेतले साहेब, सीए, ट्रान्सपोर्टवाले हेही असतातच.

अशा कारखान्यात शुभेच्छा बहुधा धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी आठवतात. बोनसची धावपळ चालू असते, गाड्या भरायच्या असतात, आणि मालक जाता जाता सांगतात, ‘अगं, ते दिवाळीचं सगळ्यांना टाकून दे.’ मग कुठूनतरी एक चित्र मिळतं. कमळातली लक्ष्मी, शेजारी पणत्या, वरच्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो, लक्ष्मीच्या पायाशी तीन मोबाइल नंबर आणि तळाला एक ओळ : ‘सणानिमित्त खास सवलत, आजच संपर्क साधा.’ हे चित्र व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून सुटतं आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

निम्मं काम मात्र झालेलंच नसतं. साध्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, पण ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असेल, त्यालाच तो संदेश मिळतो. डीलरकडे मालकांचा नंबर असतो, तर संदेश कार्यालयाच्या नव्या फोनवरून गेलेला असतो. संदेशाची ‘माहिती’ उघडून पाहिली, की तो कितीजणांपर्यंत पोचला ते दिसतं. ते फारसं कुणी उघडत नाही. चित्र दुसऱ्या कुणाकडून आलेलं तसंच पुढे ढकललं, तर त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण येते. ही खूण २०१८पासून आहे आणि आता शाळकरी मुलालाही ती कळते. ईमेलवर याहून वाईट प्रकार घडतो. सगळे पत्ते एकाच रकान्यात टाकून सीसी केलं, की कोल्हापूरच्या डीलरला नाशिकचा डीलर दिसतो आणि दोघांना मिळून जर्मन ग्राहकाचा पत्ता दिसतो. शुभेच्छा द्यायला म्हणून नवा ग्रुप काढणाऱ्यांचंही हेच होतं. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना मिळतात आणि पुढचे दोन दिवस त्यात ‘सेम टू यू’चा पाऊस पडतो. प्रतिस्पर्ध्याला आपल्या ग्राहकांची यादी स्वतःच्या हाताने द्यायचा याहून सोपा मार्ग नाही.

तेव्हा काम सुरू करायचं ते यादीपासून. आणि या यादीत एक रकाना मुद्दाम ठेवायचा नाही, तो म्हणजे धर्माचा. आडनावावरून माणसाचे सण ठरवायला जाणं हे अडाणीपणाचं आहे आणि अपमानकारकही आहे. दुबईचा वितरक नावावरून मुसलमान वाटतो आणि तो केरळचा निघतो. त्याच्या घरी ईदइतक्याच हौसेने ओणमची पंगतही बसत असेल, किंवा कसलंच काही होत नसेल. कुणाचा धर्म कोणता याची नोंद संगणकात करून ठेवण्याचं कारखान्याला काही कारणही नाही.

त्याऐवजी दोन साधे मार्ग आहेत. पहिला म्हणजे सुट्ट्यांची चौकशी. जानेवारीत वर्षाचं माल पाठवण्याचं वेळापत्रक ठरतं, तेव्हा प्रत्येकाला विचारावं, ‘तुमच्याकडे यंदा मोठ्या सुट्ट्या कधी आहेत?’ हा धंद्यातला सरळ प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुणीही मोकळेपणाने देतं. लुधियानाहून एक तारीख येते, हावड्याहून दुसरी, जपानहून तिसरी. दुसरा मार्ग त्याहून चांगला आहे. त्यांच्याकडून आलेल्या शुभेच्छा वाचाव्यात. जो माणूस दरवर्षी संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहून पाठवतो, त्याने आपल्याला काय महत्त्वाचं आहे ते स्वतःच सांगितलेलं असतं. नागपूरचा डीलर दसऱ्याच्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा पाठवत असेल, तर त्याला रावणदहनाचं चित्र पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. तो दिवस विजयादशमीचा होता. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक त्यासाठी जमतात. त्या डीलरला त्याच दिवशी त्याच्याच सणाच्या शुभेच्छा गेल्या, की ‘हे लोक आपलं वाचतात’ हे त्याला कळतं. व्यवहारात सर्वसमावेशक असणं म्हणतात ते एवढंच असतं.

यादीत मग पाचसहा रकाने पुरतात. माणसाचं नाव, त्याला आवडतं तसं लिहिलेलं. कोणत्या भाषेत बोलणं होतं. आपल्याकडून त्याच्याशी नेहमी कोण बोलतं. मोठी सुट्टी कधी. त्याने स्वतः कोणत्या सणाला काय लिहिलं. आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा : सरकारी अधिकारी आहे, कंपनीत भेटवस्तू चालत नाही, यंदा घरी दुःख आहे. तिसरा रकाना सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. कोल्हापूरच्या डीलरशी वर्षभर डिस्पॅचचा माणूस बोलतो, मालक नाही. शुभेच्छा त्या माणसाच्या नावाने, त्याच्या नंबरवरून गेल्या, तर त्यांना उत्तर येतं. ‘टीम अमुकतमुक’ला सहसा कुणी उलट लिहीत नाही.

ही यादी नीट भरली, की एक गमतीची गोष्ट दिसू लागते. भोसरीच्या कारखान्याला आपल्या माणसांशी जोडणारा सण दिवाळी नसून यंत्रांची पूजा आहे. महाराष्ट्रात खंडेनवमीला किंवा दसऱ्याला लेथ पुसून, झेंडूचं तोरण बांधून तिच्यापुढे नारळ फुटतो. तमिळनाडूत नवमीलाच आयुधपूजा होते, आणि कोइमतूरची फाउंड्री त्या दिवशी धुऊनपुसून लख्ख असते. बंगालमध्ये हा मान विश्वकर्मा पूजेचा. ती सूर्याच्या संक्रमणावर ठरते, म्हणून बहुधा दरवर्षी १७ सप्टेंबरलाच येते. हावड्याच्या कारखान्यांत त्या दिवशी विश्वकर्म्याची मूर्ती बसते, कामगारांची बायकामुलं कारखाना बघायला येतात, आकाशात पतंग उडतात. पंजाबात विश्वकर्मा दिन दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पाळतात. त्या दिवशी लुधियानातली यंत्रं बंद राहतात आणि कारागीर अवजारांना हात लावत नाहीत.

म्हणजे चार गावांतले चार कारखानदार यंत्रापुढे हात जोडतात, पण वेगवेगळ्या दिवशी. हावड्याच्या ग्राहकाला १७ सप्टेंबरला सकाळी भोसरीहून दोन ओळी गेल्या : ‘आज तुमच्याकडे विश्वकर्मा पूजा. आमची यंत्रं दसऱ्याला पुजली जातील. तुमच्या सगळ्या कारागिरांना वर्षभर सुखरूप काम लाभो.’ याला ना सवलतीची ओळ लागते, ना कमळाचं चित्र. हा संदेश फक्त कारखानदारच कारखानदाराला पाठवू शकतो, आणि त्याच्या दिवाळीतल्या शंभर संदेशांच्या ढिगात तो हरवत नाही. पुण्यातल्या बेकरीवाल्याला, औषधविक्रेत्याला किंवा बियाणं विकणाऱ्याला आपापल्या धंद्यात असा एखादा दिवस सापडेल. शेतीमालाशी संबंधित धंदा असेल, तर बैलपोळा आहेच. बलिप्रतिपदेला बळीचं राज्य येवो म्हणण्याची रीत तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरातच आहे.

तरी दिवाळी टळत नाही, आणि टाळूही नये. काही मोठ्या कंपन्यांनी कुणाला दुखवायला नको म्हणून सणाचं नावच काढून टाकलं. त्यांच्याकडून आता ‘सणासुदीच्या काळाच्या शुभेच्छा’ येतात. असा संदेश कुणाला खटकत नाही आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. सणाचं नाव घेण्यात काही गैर नाही. फक्त तो सण कुणाचा, हे वाक्यात स्पष्ट असावं. समोरच्याचा सण असेल तर ‘तुम्हाला शुभेच्छा’. आपला सण असेल आणि समोरचा तो साजरा करतो की नाही हे माहीत नसेल, तर ‘आमच्याकडे दिवाळी आहे, त्यानिमित्त तुमची आठवण’. एवढा फरक केला, की न पाळणाऱ्या माणसावर सण लादला जात नाही आणि आपलेपणाही पातळ होत नाही.

जर्मनीतल्या खरेदी अधिकाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याला लक्ष्मीपूजन म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही. त्याला हवं असतं ते वेगळंच. पुण्यातला कारखाना किती दिवस बंद राहणार? त्याला दिवाळीच्या दहा दिवस आधी असं पत्र जावं : ‘पुढच्या आठवड्यात आमच्याकडे दिवाळी आहे. आमच्या वर्षातला हा सगळ्यांत मोठा सण. कारखाना मंगळवार ते शुक्रवार बंद राहील. तुमचा या महिन्याचा माल सोमवारी निघेल, आणि सुट्टीत काही तातडीचं निघालं तर अमुक यांना फोन करावा. या वर्षी तुम्ही नव्या साच्याच्या चाचणीत आम्हाला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल आमच्या सगळ्यांतर्फे मनापासून आभार.’ यात सण आहे, आपुलकी आहे आणि कामाची माहितीही आहे. शेवटचं वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही, आणि या पत्राची किंमत त्या वाक्यात आहे. त्याच अधिकाऱ्याला डिसेंबरच्या मध्यावर नाताळाच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा जाव्यात. २४ तारखेला पाठवलेलं पत्र तो जानेवारीतच वाचणार, कारण जर्मनीत नाताळाची सुट्टी त्या संध्याकाळपासूनच सुरू झालेली असते.

राजकोटच्या फाउंड्रीवाल्याचं गणित पुन्हा निराळं. त्याच्या दृष्टीने पाडवा हे नवं वर्ष असतं, त्या दिवशी ‘साल मुबारक’. पण पेढी खऱ्या अर्थाने उघडते ती लाभपंचमीला. २०२५मध्ये ती २६ ऑक्टोबरला होती. पाडव्याला शुभेच्छा देऊन त्याच फोनवर ‘ओतकामाचे ते दोनशे नग कधी?’ असं विचारलं, तर त्या शुभेच्छा वसुलीच्या फोनची प्रस्तावना ठरतात. कामाचं बोलणं लाभपंचमीनंतर करावं. तो स्वतःच त्या दिवशी मुहूर्ताची ऑर्डर मागेल.

विक्रीची ओळ आणि शुभेच्छा यांची गाठ कधीच बांधू नये, हा एक नियम मात्र कडक पाळावा. सवलत द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रात. थकलेल्या बिलाची आठवण तर दिवाळीच्या आठवड्यात नकोच. ती आधीच्या आठवड्यात करावी किंवा नंतरच्या.

चित्राबद्दल थोडं. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचं कार्ड काढून घेतलं. विक्रीसाठी छापलेलं ते पहिलं नाताळ कार्ड मानलं जातं. त्यावर एक कुटुंब आनंदाने मद्याचे पेले उंचावताना दाखवलं होतं आणि लहान मुलालाही घोट दिला जात होता. दारूबंदीची चळवळ करणाऱ्यांना त्याचा संताप आला. म्हणजे अशा कार्डांवरची पहिली तक्रार पहिल्याच कार्डावर आली, आणि ती मजकुरावर नव्हती, चित्रावर होती. आजही तसंच घडतं. देवाच्या चित्रावर लोगो आणि फोन नंबर चिकटवलेला श्रद्धाळू माणसाला आवडत नाही, आणि छापील कार्ड असेल तर ते कचऱ्यात टाकायचं कसं, हा पेच त्याच्यापुढे पडतो. पणती, आकाशकंदील, रांगोळी ही चित्रं कुणालाही परकी वाटत नाहीत. त्याहून चांगलं म्हणजे आपल्याच कारखान्यात काढलेली रांगोळी आणि तिच्यामागे उभी असलेली माणसं, असा फोनवर काढलेला साधा फोटो. फोटो कामगारांच्या परवानगीने काढावा आणि मागे फळ्यावर एखाद्या ग्राहकाचं ड्रॉइंग लटकत नाही ना, ते बघावं.

काही दिवसांना शुभेच्छा देतच नाहीत, हे ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी अवघड प्रसंग ओढवतात. सरकारी सुट्ट्यांची यादी समोर ठेवून जो वर्षभराचे संदेश आधीच लावून ठेवतो, त्याच्याकडून हे हमखास होतं. गुड फ्रायडे हा येशूला क्रूसावर चढवल्याचा दिवस आहे, आनंदाचा दिवस त्यानंतरच्या रविवारचा, ईस्टरचा. मोहरमची सुट्टी असते ती आशुराची. करबलातल्या हौतात्म्याची ती आठवण असते, आणि शिया मुसलमानांसाठी तर तो शोकाचा काळ असतो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ ही क्षमायाचना आहे. तिला उत्तर त्याच शब्दांत द्यावं, पुढे फुगे आणि फटाके जोडू नयेत. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते आणि आखातात ती बहुधा भारताच्या एक दिवस आधी येते. २०२५मध्ये अमिरातीत रमजान ईद ३० मार्चला झाली, भारतात ३१ला. त्याच ३० मार्चला महाराष्ट्रात गुढीपाडवा होता. त्या दिवशी सकाळी भोसरीहून दुबईला आणि दुबईहून भोसरीला एकाच वेळी शुभेच्छा देता आल्या असत्या. पण कॅलेंडरवर ३१ तारीख पाहून संदेश आधीच लावून ठेवणाऱ्याचा तो योग हुकला असणार.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट, म्हणजे शेऱ्याच्या रकान्यातली ती नोंद, ‘यंदा घरी दुःख आहे’. मराठी घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तर त्या वर्षी सण करत नाहीत. फराळ घरी होत नाही, तो नातेवाईक आणि शेजारी आणून देतात. अशा माणसाला ‘ही दिवाळी आपल्या घरी आनंदाची उधळण घेऊन येवो’ असा संदेश गेला, तर तो काही बोलणार नाही. पण ज्या कंपनीने सहा महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांच्या निधनाबद्दल सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं, त्याच कंपनीला आता त्याचा विसर पडलाय, हे त्याच्या लक्षात राहील. त्याला गप्प राहून वगळणंही बरं नाही. नाशिकच्या एका डीलरचे वडील त्या वर्षी गेले आहेत, असं समजा. त्याला ज्याचा रोजचा संबंध त्या माणसाने स्वतः लिहावं : ‘सप्रेम नमस्कार. काकांशिवायची ही पहिली दिवाळी आहे, तुम्हा सगळ्यांना जड जाईल. दुकानात गेल्यावर ते चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत, ते आज इथे सगळ्यांनाच आठवतंय. घरी सर्वांना सांभाळा. पाडव्यानंतर मी भेटायला येतो.’ यात ‘शुभेच्छा’ कुठेही नाहीत. आणि येतो म्हटलं, तर जायचं.

जपानमध्ये या गोष्टीची रीतसर व्यवस्थाच आहे. तिथे नव्या वर्षाची पत्रं मोठ्या संख्येने पाठवतात आणि टपाल खातं ती १ जानेवारीला वाटतं. पण ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्या घरचे लोक नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ओळखीच्यांना एक साधं पत्र धाडतात. आम्ही सुतकात आहोत, यंदा नववर्षाचं अभिनंदन आमच्याकडून येणार नाही, असं त्यात असतं. ते मिळालेल्या माणसाने मग त्या घरी नववर्षाचं पत्र पाठवायचं नसतं. भोसरीच्या कारखान्याला जपानी साहेबाकडून असं पत्र आलं, आणि कुणालाच न कळल्यामुळे ते तसंच फाइलला लागलं, तर जानेवारीत त्याच्या हाती रंगीबेरंगी ‘हॅपी न्यू इयर’ पडतं. आणखी एक बारकावा आहे. जपानी माणूस नव्या वर्षाचं अभिनंदन वर्ष उजाडण्याआधी करत नाही. डिसेंबरात ‘येणारं वर्ष चांगलं जावो’ असं म्हणतात, अभिनंदन १ तारखेपासून. चिनी नववर्षाचं लाल-सोनेरी चित्र जपानला पाठवणं हाही नेहमीचा घोटाळा आहे. जपानने १८७३ सालीच इंग्रजी कालगणना स्वीकारली आणि तिथलं नवं वर्ष १ जानेवारीलाच सुरू होतं.

शुभेच्छांमागून मिठाई येते, आणि तिथे भावनेबरोबर कायदाही येतो. पाणीपुरवठा खात्यातल्या अभियंत्याला द्यायचं ते पत्र, तेवढंच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. चालू निविदेच्या काळात सुक्यामेव्याचा डबासुद्धा त्या माणसाला अडचणीत आणू शकतो. केंद्राच्या अर्थमंत्रालयाने तर सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रालयांना आणि सरकारी उपक्रमांना दिवाळीच्या भेटवस्तूंवर सरकारी पैसा खर्चू नका, असं बजावलं. खासगी डीलरला दिलेल्या भेटींचं वर्षभराचं मूल्य २० हजार रुपयांपलीकडे गेलं, तर १ जुलै २०२२पासून त्यावर १० टक्के टीडीएस भरावा लागतो. भेट दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. हे सीएला ऑक्टोबरात विचारावं, मार्चमध्ये नाही.

परदेशी कंपन्यांच्या आचारसंहितेत बहुधा भेटीची मर्यादा ठरलेली असते आणि आलेली भेट नोंदवावी लागते. म्हणून आधी विचारलेलं बरं. कुणी भेट नम्रपणे परत केली, तर तो अपमान नसतो, त्या माणसाची नोकरी असते. पाठवायचंच असेल तर एका व्यक्तीच्या घरी नको, कार्यालयात, सगळ्यांच्या नावाने. फराळाचा डबा चांगला, कारण चकली आणि शंकरपाळी आठवडाभर टिकतात, खव्याची मिठाई मात्र दोनतीन दिवसांत खराब होते आणि दिवाळीतल्या कुरिअरला तेवढा वेळ सहज लागतो. डब्यावर घटक लिहिलेले असावेत. चॉकलेट पाठवताना त्यात अंडं, जिलेटिन किंवा मद्य नाही ना, ते वाचून घ्यावं.

राहता राहिला वेळ. दीडदोनशे नावांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिणं कुणालाच जमत नाही, आणि तशी गरजही नाही. ज्यांच्याशी वर्षभर रोजचं काम असतं अशी वीसपंचवीस माणसं निघतात. त्यांना चारपाच ओळी, ज्याचा संबंध त्याने, नाव घालून, त्या वर्षातली एक खरी गोष्ट लिहून. उरलेल्यांना एक साधा, नीट लिहिलेला मजकूर पुरतो, फक्त नाव जाग्यावर हवं आणि पाठवणाऱ्या माणसाची सही हवी. नावं आपोआप भरणारी सोय वापरली, तर आधी स्वतःला, मग कार्यालयातल्या दोघांना पाठवून बघावं. ‘प्रिय’च्या पुढे रिकामा कंस घेऊन गेलेलं पत्र मागे घेता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन वाजवत ठेवण्यापेक्षा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, कामाच्या वेळात पाठवावं. तेव्हा माणूस वाचतो आणि उत्तरही देतो.

२०२६मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे आणि पाडवा मंगळवारी, १० तारखेला. मधला सोमवार मोकळा आहे. अनेक कारखाने तोही बंद ठेवतील, परदेशी ग्राहकांना हे आधी कळवावं लागेल. यादी दसऱ्याच्या पूजेनंतर काढायला घ्यावी, डिस्पॅचच्या आणि हिशेबाच्या माणसांना शेजारी बसवून शेऱ्याचा रकाना त्यांच्याकडून भरून घ्यावा. कोणाच्या घरी यंदा काय झालं, हे मालकांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असतं.